‘ॲड.’ कधी लागतं, ‘सीए’ कुठे लागतं?

साक्रीत लग्नसराई सुरू झाली की प्रिंटिंग प्रेसवाल्याच्या टेबलावर पत्रिकांच्या प्रुफांचा ढीग लागतो. यंदा त्या ढिगात आमच्या घरचंही एक प्रूफ होतं. मामाच्या मुलीचं लग्न. प्रुफावर वधूचं नाव छापलं होतं, ‘चि. सौ. कां. ॲड.’ आणि पुढे तिचं नाव. वराचं नाव होतं ‘चि. सीए’ अशी सुरुवात करून. खाली ‘आपले विनीत’मध्ये वराच्या मोठ्या भावाच्या नावाआधी ‘सीएस ॲड.’ असं दुहेरी तोरण लावलं होतं.

प्रूफ वाचून बहीणच म्हणाली, “मामा-मावश्यांना सांगा, माझ्या नावाआधीचं ‘ॲड.’ काढा. मी अजून ॲडव्होकेट नाहीये.” घरात शांतता. कारण तिचा एलएल.बी.चा शेवटच्या वर्षाचा निकाल महिन्यापूर्वीच लागला होता आणि गावभर पेढे वाटून झाले होते. आजीला तर हे पटेचना. ती म्हणाली, “पोर वकील व्हयनी ना, मंग लिखं तं काय बिघडस?”

आजीचा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण हाच प्रश्न आज कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकापुढे आहे. निकालाच्या दिवशी इन्स्टाचा बायो बदलतो, मित्र चौकात फ्लेक्स लावतात, लिंक्डइनवर नावाआधी दोन अक्षरं येतात. ही अक्षरं नेमकी कोण देतं? विद्यापीठ? परीक्षा? की आणखी कोणी? त्या एका पत्रिकेवरची तीन नावं घेऊन हे नीट पाहू.

पास होणं वेगळं, नोंद होणं वेगळं

गंमत अशी की या तिन्ही व्यवसायांसाठी तीन वेगवेगळे कायदे आहेत, आणि तिन्ही कायद्यांच्या सुरुवातीच्या व्याख्यांमध्ये एकच गोष्ट सांगितली आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 म्हणतो की ॲडव्होकेट म्हणजे या कायद्याखालच्या यादीत ज्याचं नाव नोंदलं आहे तो. चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्ट, 1949 म्हणतो की चार्टर्ड अकाउंटंट म्हणजे जो इन्स्टिट्यूटचा सभासद आहे तो. कंपनी सेक्रेटरीज ॲक्ट, 1980 सुद्धा कंपनी सेक्रेटरीची व्याख्या इन्स्टिट्यूटचा सभासद अशीच करतो.

तिन्ही व्याख्यांमध्ये ‘परीक्षा उत्तीर्ण झालेला’ असे शब्द नाहीत. परीक्षा हा दरवाजा आहे. दरवाजापर्यंत पोचलेला माणूस अजून घरात आलेला नसतो. आत जाऊन रजिस्टरमध्ये नाव लागलं, की मग ती अक्षरं तुमची.

आता बहिणीचं काय ते बघा. तिच्याकडे एलएल.बी.ची पदवी आहे. ती विद्यापीठाने दिली, ती कायमची आहे, कोणी काढून घेणार नाही. पण ‘ॲड.’ हे विद्यापीठ देत नाही. त्यासाठी तिला बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अर्ज करावा लागेल. पदवीची कागदपत्रं, प्रतिज्ञापत्र, शुल्क, मग नोंदणी, मग सनद. सनदेवर नंबर येतो, तो साधारण ‘MAH/अनुक्रमांक/वर्ष’ असा. साक्रीच्या कोर्टात एखाद्या वकीलपत्राच्या खाली वाकून पाहिलंत तर वकिलाच्या सहीजवळ हा नंबर दिसेल. ज्या दिवशी तो नंबर मिळाला, त्या दिवसापासून ‘ॲड.’.

आणि सनद मिळाली की संपलं, असंही नाही. 2010 पासून नव्या कायदा पदवीधरांना ऑल इंडिया बार एक्झामिनेशन द्यावी लागते. नोंदणी झाल्यावर तात्पुरती वकिली करता येते, पण ही परीक्षा दोन वर्षांच्या आत पास व्हावी लागते. अशी परीक्षा घेण्याचा बार काउन्सिल ऑफ इंडियाला अधिकार आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला होता. 10 फेब्रुवारी 2023 रोजी घटनापीठाने हा अधिकार मान्य केला. त्यामुळे ‘पास झाले की वकील’ हे गणित आता आणखी लांबलं आहे.

मग इतके दिवस लोक निकालानंतर लगेच नोंदणी का करत नव्हते? एक मोठं कारण पैसा. कायद्यात नोंदणीचं शुल्क राज्य बार काउन्सिलचं 600 रुपये आणि बार काउन्सिल ऑफ इंडियाचं 150, असं मिळून 750 रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांसाठी ते 125 रुपये आहे. प्रत्यक्षात मात्र वेगवेगळ्या नावांनी हजारो रुपये घेतले जात होते. काही राज्यांत आकडा 40 हजारांच्या पुढे गेला होता. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. साक्री तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरून धुळ्याला येऊन लॉ करणाऱ्या मुलामुलीसाठी हा निकाल म्हणजे ‘ॲड.’ या दोन अक्षरांची किंमत कमी होणं आहे. ही अक्षरं कोणाला लागतात आणि कोणाची राहून जातात, यात घरची परिस्थितीही होती, हे विसरायला नको.

तर बहिणीचं म्हणणं बरोबर. पत्रिकेवर तिच्या नावानंतर ‘एलएल.बी.’ येऊ शकतं. नावाआधी ‘ॲड.’ अजून नाही.

नवरदेवाचं ‘सीए’ मात्र ठीक

वर सीए आहे, पण पुण्यात एका कंपनीत नोकरी करतो. त्याचं स्वतःचं ऑफिस नाही, तो कोणाचं ऑडिट करत नाही. मग त्याने ‘सीए’ लावावं का? एका काकांनी तोच मुद्दा काढला, “प्रॅक्टिस करत नाही तर सीए कसला?”

इथे वकील आणि सीए यांच्यात फरक आहे. सीए फायनल पास झाल्यावर, आर्टिकलशिप पूर्ण करून, सभासदत्वासाठी इन्स्टिट्यूटकडे अर्ज करावा लागतो. तो मंजूर झाला की मेंबरशिप नंबर मिळतो. तेवढ्याने माणूस चार्टर्ड अकाउंटंट होतो. त्यानंतर ज्याला स्वतःची प्रॅक्टिस करायची आहे, त्याने वेगळं सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस घ्यायचं. म्हणजे दोन पायऱ्या आहेत, आणि ‘सीए’ ही अक्षरं पहिल्या पायरीवरच मिळतात. कायद्याचं कलम 7 सांगतं की प्रॅक्टिसमधल्या सभासदाने चार्टर्ड अकाउंटंट हे पदनाम वापरलंच पाहिजे आणि इतर सभासद ते वापरू शकतात. नोकरीतल्या नवरदेवाला ते चालतं.

पण ज्याचा फायनलचा निकाल काल लागला आणि मेंबरशिप नंबर अजून आला नाही, त्याचं काय? त्याची अवस्था आमच्या बहिणीसारखीच. तो ‘सीए फायनल उत्तीर्ण’ आहे, ‘सीए’ नाही. निकालाच्या संध्याकाळी लागणारे सगळे फ्लेक्स याच एका शब्दावर घसरतात. अभिनंदन करणाऱ्यांची हौस समजू शकते, पण ज्याचं नाव आहे त्याने तरी आपल्या प्रोफाइलवर थोडे दिवस धीर धरावा. सभासद नसताना स्वतःला चार्टर्ड अकाउंटंट म्हणवणं हा याच कायद्याच्या कलम 24 नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदा दंड, पुन्हा केलं तर कैदही होऊ शकते.

आता ही अक्षरं नेमकी कुठे लावायची? कायद्यात मुळात नावानंतरची अक्षरं आहेत. साधा सभासद असेल तर ACA, म्हणजे असोसिएट. प्रॅक्टिसची किंवा अनुभवाची किमान पाच वर्षांची अट पूर्ण करून फेलो झाला तर FCA. ही दोन्ही नावाच्या पुढे, शेवटी लागतात. नावाआधी ‘सीए’ लावायची पद्धत त्यानंतरची. डॉक्टरांना ‘डॉ.’ आहे, वकिलांना ‘ॲड.’ आहे, तर आपल्याला का नको, अशी भावना होती आणि इन्स्टिट्यूटच्या काउन्सिलने सभासदांना ती परवानगी दिली. कंपनी सेक्रेटरींच्या इन्स्टिट्यूटनेही ‘सीएस’साठी तसंच केलं. तिथे नावानंतरची अक्षरं ACS आणि FCS.

म्हणून एकाच माणसाच्या नावाआधी ‘सीए’ आणि नावानंतर ‘FCA’ असं दिसतं. चूक नाही, पण तीच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं होतं. व्हिजिटिंग कार्डवर FCA पुरे. पत्रिकेवर, जिथे ACA-FCA चा फरक कोणाला कळणार नाही, तिथे नावाआधी ‘सीए’ बरं.

‘सीएस ॲड.’ची गोष्ट

खरी गुंतागुंत तिसऱ्या नावात होती. वराचा मोठा भाऊ कंपनी सेक्रेटरी आहे, इन्स्टिट्यूटचा सभासद आहे, नाशिकला एका कंपनीत पूर्ण वेळ नोकरी करतो. नोकरी करता करता त्याने एलएल.बी. केलं. सनद घेतलेली नाही. पत्रिकेवर मात्र ‘सीएस ॲड.’.

यातलं ‘सीएस’ बरोबर आहे. ‘ॲड.’ चूक आहे, आणि ते नुसतं अर्ज करायचं राहून गेलं म्हणून चूक नाही. त्याने आज अर्ज केला तरी नोकरी सोडल्याशिवाय त्याला सनद मिळणार नाही. का, हे समजायला मुंबईतल्या एका डॉक्टरची केस पाहावी लागते.

डॉ. हनीराज चुलानी हे मुंबईत शल्यचिकित्सेची प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. त्यांनी पुढे कायद्याची पदवी घेतली आणि महाराष्ट्र-गोवा बार काउन्सिलकडे सनदेसाठी अर्ज केला. वैद्यकीय प्रॅक्टिस मात्र सोडायची नव्हती. काउन्सिलने अर्ज फेटाळला. कारण महाराष्ट्र-गोवा बार काउन्सिलचा नियमच असा होता की जो माणूस नोकरीत आहे, किंवा दुसऱ्या एखाद्या धंद्यात वा व्यवसायात आहे, त्याला वकील म्हणून नोंदता येणार नाही. डॉ. चुलानी सर्वोच्च न्यायालयात गेले. कोणताही व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटना देते, मग दोन व्यवसाय का नकोत, असा त्यांचा मुद्दा. 1996 साली निकाल लागला आणि न्यायालयाने बार काउन्सिलचा नियम योग्य ठरवला.

त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. कल्पना करा, सकाळी अकरा वाजता एकीकडे पेशंट ऑपरेशन टेबलावर आहे आणि दुसरीकडे कोर्टात अशिलाचं नाव पुकारलं जातंय. दोघांनीही याच माणसावर भिस्त ठेवली आहे. यातला कोणीतरी एक नक्की अडचणीत येणार. वकिली हे पूर्ण वेळ मागणारं काम आहे, असं न्यायालयाने मानलं. म्हणजे इथे माणसाच्या हुशारीवर शंका नाही. एका माणसाकडे दोन पदव्या जरूर असाव्यात, दोन प्रॅक्टिस एकाच वेळी नसाव्यात, एवढंच.

यातून आपल्याला अक्षरांच्या जागेचा एक सोपा नियम हाती लागतो. नावाआधीची व्यावसायिक अक्षरं ‘मी आत्ता या रजिस्टरवर आहे’ असं सांगतात. नावानंतरच्या पदव्या ‘मी हे शिकलो आहे’ असं सांगतात. शिकलेलं सगळं एकाखाली एक लिहिता येतं. ‘आत्ता’ मात्र एकच असतो. म्हणून मोठ्या भावाचं नाव बरोबर लिहायचं तर ‘सीएस’ आधी, मग नाव, मग ‘एलएल.बी.’.

हाच नियम उलट्या बाजूनेही लागतो. सनद असलेल्या वकिलाने पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली, तर बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे त्याने तसं काउन्सिलला कळवायचं असतं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची असते. बँकेत लॉ ऑफिसर झालेला आपला सीनियर गावी आला की सगळे त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणतात. बोलण्यात ते चालून जातं. लेटरहेडवर चालू नये.

सीएंच्या बाबतीतही असंच बंधन आहे, जरा वेगळ्या तऱ्हेने. सीए असलेला माणूस सीएसही असू शकतो. पण प्रॅक्टिस करणाऱ्या सीएने ‘चार्टर्ड अकाउंटंट’ या पदनामाबरोबर ‘कंपनी सेक्रेटरी’ हे दुसरं पदनाम लावायचं नाही, असं त्यांच्या इन्स्टिट्यूटची आचारसंहिता सांगते. इतकंच काय, ‘इन्कम टॅक्स कन्सल्टंट’ किंवा ‘मॅनेजमेंट कन्सल्टंट’ असंही पाटीवर लिहायचं नाही. पदवी किंवा मान्य संस्थांच्या सभासदत्वाची अक्षरं नावानंतर चालतात. म्हणून तुमच्या गावात ‘टॅक्स कन्सल्टंट’ अशी मोठी पाटी दिसली, तर तो माणूस बहुतेक सीए नाही, हे पाटीवरूनच ओळखता येतं. त्याचं काम वाईट असेल असं नाही, रिटर्न भरायला सीएच लागतो असंही नाही. पण ऑडिट रिपोर्ट किंवा सीएचं सर्टिफिकेट हवं असेल तर तिथे मिळणार नाही.

शब्दाला कुलूप, की कामाला?

प्रत्येक कायदा एकाच गोष्टीला कुलूप लावत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 45 मध्ये शिक्षा आहे ती अधिकार नसताना कोर्टात वकिली करण्याला. सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे तिथे मुख्य कुलूप कामाला आहे.

आर्किटेक्टचं उलट. आर्किटेक्ट्स ॲक्ट, 1972 च्या कलम 37 बद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये सांगितलं की नोंदणी नसलेल्याने ‘आर्किटेक्ट’ हे पदनाम वापरायला या कलमाने बंदी आहे, पण ते तशा प्रकारचं काम करायला बंदी घालत नाही. तिथे कुलूप शब्दाला आहे. सीएंच्या कायद्यात दोन्हीला आहे.

आणि इंजिनीअर? देशभरातल्या सगळ्या इंजिनीअर्सची सक्तीने नोंदणी करणारा केंद्रीय कायदा नाही. त्यामुळे ‘इंजि.’ लावायला रोखणारं कुलूपच नाही. म्हणून तर बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोराच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही ‘इंजि.’ झळकतं. त्या अक्षरांच्या मागे कुठलंही रजिस्टर नाही, तपासायला कुठलाही नंबर नाही. ते वाचताना तेवढंच वजन द्यायचं.

हे कुलूप कशासाठी? तर समोरचा माणूस फसू नये म्हणून. शेताच्या वाटणीचा दावा घेऊन निजामपूर किंवा पिंपळनेरहून तालुक्याला आलेला शेतकरी वकिलाची पदवी तपासत बसत नाही. तो पाटी वाचतो. त्या पाटीवरच्या दोन अक्षरांवर तो कागदपत्रं आणि पैसे सोपवतो. बनावट पदव्यांवर वकिली करणारे सापडत होते म्हणूनच एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या पदव्यांच्या पडताळणीवर देखरेख करायला समिती नेमली. फ्लेक्सवरची हौस आणि कोर्टाच्या आवारातली फसवणूक या दोन टोकांच्या गोष्टी आहेत हे मान्य. पण दोन्हीकडे वापरली जातात तीच अक्षरं.

तपासायचं कसं, तेही सोपं आहे. वकिलाला सनद नंबर विचारा. विचारण्यात अपमान नाही. सीएचं सर्टिफिकेट हातात आलं, मग ते शैक्षणिक कर्जासाठी असो की परदेशी व्हिसासाठी, तर त्यावर 18 अंकांचा UDIN असला पाहिजे. 1 फेब्रुवारी 2019 पासून सीएंच्या सर्टिफिकेटवर तो सक्तीचा आहे. इन्स्टिट्यूटच्या udin.icai.org या साइटवर नंबर टाकला की हे सर्टिफिकेट खरंच त्या सीएने दिलंय का ते कळतं. नंबर नसेल तर सर्टिफिकेट परत करा, नावाआधी कितीही अक्षरं असोत.

टिंब, क्रम आणि ‘चि. सौ. कां.’

आता राहिलं लिहायचं कसं. मराठीत एक साधी कसोटी वापरता येते. लिहिताना अर्धवट आणि वाचताना पूर्ण, असा शब्द असेल तर टिंब द्यायचं. ‘ॲड.’ आपण ‘ॲडव्होकेट’ असं वाचतो, ‘डॉ.’ डॉक्टर असं, ‘प्रा.’ प्राध्यापक असं. ‘सीए’ आणि ‘सीएस’ मात्र जसं लिहितो तसंच वाचतो, म्हणून टिंबाची गरज नाही. खुद्द सीएंची इन्स्टिट्यूट इंग्रजीत CA. असं टिंब देऊन लिहिते. तो त्यांचा प्रघात. मराठीत ‘सीए’ पुरतं.

‘सीएस’बाबत आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. जिल्हा रुग्णालयात ‘सीएस’ म्हणजे सिव्हिल सर्जन, मंत्रालयात ‘सीएस’ म्हणजे चीफ सेक्रेटरी, आणि कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स. बातमीत किंवा कार्यक्रमपत्रिकेत पहिल्यांदा ‘कंपनी सेक्रेटरी’ असं पूर्ण लिहावं, मग पुढे ‘सीएस’.

‘श्री.’ आणि ‘ॲड.’ एकत्र नको. एक आदरार्थी शब्द पुरे. ‘प्रा. डॉ.’ आपल्याकडे रुळलेलं आहे, कारण एक पद आहे आणि दुसरी पदवी. लग्नपत्रिकेतलं ‘चि.’ किंवा ‘चि. सौ. कां.’ हे घरातल्या मोठ्यांनी दिलेले आशीर्वाद आहेत, ते आधी येतील. व्यवसायाची अक्षरं नावाला चिकटून. म्हणून ‘चि. सीए’ हा क्रम बरोबर.

आणि एक जागा अशी आहे, जिथे ही अक्षरं अजिबात नकोत. अर्जातला नावाचा रकाना. पॅनच्या अर्जाच्या सूचनांमध्येच लिहिलेलं असतं की नावाला श्री, डॉ. वगैरे जोडू नका. ‘ॲड.’ किंवा ‘सीए’ हा नावाचा भाग नाही. एका कागदावर तो नावात घुसला की मग आधार, पॅन आणि मार्कशीट यांची नावं जुळत नाहीत आणि दुरुस्तीसाठी हेलपाटे सुरू होतात.

वकिलांना पाटीचंही बंधन आहे. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 प्रमाणे पाटी माफक आकाराची हवी. आपण वकील संघाचे अध्यक्ष होतो, किंवा अमुक प्रकारच्या खटल्यांत तज्ज्ञ आहोत, असं तिच्यावर लिहायचं नाही. जाहिरात करायची नाही, आडून करवून घ्यायचीही नाही. चौकातल्या पंधरा फुटी फ्लेक्सवर ‘फौजदारी खटल्यांचे बादशहा’ असं झळकणाऱ्या नव्या वकिलाने हा नियम एकदा वाचावा.

अक्षरांची हौस काही आजची नाही. एकेकाळी मराठीत ‘बॅ.’ची केवढी शान होती! बॅ. जयकर, बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले. लंडनला जाऊन बॅरिस्टर होऊन आलेल्यांची ती खूण. 1961 च्या कायद्याने वकील, प्लीडर अशा जुन्या पायऱ्या मोडून ‘ॲडव्होकेट’ हा एकच वर्ग केला, तशी ‘बॅ.’ हळूहळू मागे पडली. आणि ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त अक्षरं होती त्यांचं नाव बघा. कोलंबियाची पीएच.डी., लंडनची डी.एस्सी., ग्रेज इनचे बॅरिस्टर. महाराष्ट्र त्यांना एकाच उपाधीने ओळखतो, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाकीचं सगळं नावानंतर, हवं तेव्हा वाचायला.

आमचं प्रूफ दुरुस्त होऊन छापून आलं. वधूच्या नावानंतर ‘एलएल.बी.’, वराच्या नावाआधी ‘सीए’, मोठ्या भावाच्या नावाआधी ‘सीएस’ आणि शेवटी ‘एलएल.बी.’. प्रेसवाल्याने ‘ॲड.’ काढायचे वेगळे पैसे लावले नाहीत. आजी मात्र अजून थोडी रुसलेलीच आहे. तिला सांगितलंय, सनद आली की बारशाच्या पत्रिकेवर नक्की ‘ॲड.’ छापू. त्यावर ती हसली, आणि बहीण लाजून आत पळाली.